मधेच सोडलेली गोळी

छातीच्या दुखण्यासाठी किंवा रक्तदाबासाठी वर्षानुवर्षं चाललेली गोळी एकाएकी बंद केली, तर पहिला दिवस बहुधा चांगला जातो. अंगातला जडपणा थोडा कमी वाटतो, हातपाय गार पडत नाहीत, सकाळी उठल्यावर हुशारी वाटते. आपल्याला या गोळीची गरजच नव्हती, असंही मनात येऊन जातं. काही विशिष्ट औषधांच्या बाबतीत धोक्याचे दिवस त्यानंतर सुरू होतात. तोवर छातीतल्या कळीचा आणि तीन दिवसांपूर्वी चुकलेल्या गोळीचा काही संबंध असेल, हे घरातल्या कुणाच्या डोक्यातही येत नाही.

एक उदाहरण घेऊ. हे कुणा एका माणसाचं नाही, पण हृदयरोगाच्या डॉक्टरांना ते अनोळखी वाटणार नाही. साठीचे गृहस्थ, राहायला डोंबिवलीला. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. एका धमनीत स्टेंट आहे. दुसऱ्या धमनीत मध्यम अडथळा आहे आणि तो औषधांवर ठेवलेला आहे. या औषधांत मेटोप्रोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातली गोळी ५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. नाडी नेहमी साठ-पासष्टच्या घरात. गणपतीला गावी निघताना औषधांची पिशवी घरीच राहिली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या महत्त्वाच्या, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या तालुक्याच्या दुकानातून आणवल्या. बीटा-ब्लॉकर मात्र ‘बीपीची गोळी’. बीपी तर कित्येक महिने नॉर्मल. पाच दिवसांचा तर प्रश्न, म्हणून ती राहिली. चौथ्या दिवशी वाडीतून वर देवळाकडे जाणारी चढण चढताना त्यांच्या छातीत तीच आवळ आली, जी दोन वर्षांत एकदाही आली नव्हती. बसल्यावर थांबली. संध्याकाळी बसल्या जागी पुन्हा आली. नाडी मोजली तर नव्वदच्या पुढे.

घरच्यांना वाटतं, आजार परत आला. ते अर्धंच खरं आहे. औषधानं झाकलेला आजार औषध काढल्यावर उघडा पडणार, हे सरळ आहे. पण तेवढंच घडत असतं, तर हे गृहस्थ औषध सुरू होण्याआधीच्या स्थितीला येऊन थांबले असते. प्रत्यक्षात काही दिवसांपुरतं त्यांचं हृदय त्या मूळ स्थितीच्याही पलीकडे गेलेलं असतं. आधी वेगानं चालल्यावर दुखायचं, आता बसल्या जागी दुखतं. मूळ पातळी ओलांडून जाणारी ही उसळी कुठून येते, हे समजून घेण्यासारखं आहे. गोळी कशी बंद करायची याचे नियम तिच्यातूनच निघतात.

बीटा-ब्लॉकरची गोष्ट १९४८ साली सुरू होते. रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं तेव्हा असं मांडलं, की अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांना शरीरात दोन प्रकारचे रिसेप्टर ओळखतात. त्यांना त्यानं अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. या कल्पनेचा धागा धरून स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी हृदयावरचे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध शोधायला घेतलं. त्यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. अंजायनाच्या रुग्णांना हे वरदानच होतं. पण दशक उलटायच्या आत डॉक्टरांकडून वेगळ्याच बातम्या येऊ लागल्या. काही कारणानं औषध एकदम थांबवलं की काही रुग्णांची छातीदुखी भडकते, कुणाला झटका येतो, कुणी दगावतो. १९७५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवलेल्या अंजायनाच्या रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या अनेकांना दोन आठवड्यांच्या आत गंभीर त्रास झाला होता. अमेरिकेत बीटा-ब्लॉकरच्या माहितीपत्रकावर औषध अचानक बंद न करण्याचा ठळक चौकटीतला इशारा आहे, त्याची मुळं या अनुभवांत आहेत.

इशारा देता आला, तरी कारण सांगता येत नव्हतं. ते कारण पेशीच्या पृष्ठभागावर सापडलं.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेला प्रथिनाचा रेणू. बाहेर येणारं रसायन तो ओळखतो आणि आत निरोप देतो. त्याला पेशीचा कान म्हणू. हृदयाच्या स्नायूपेशीला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सांगतं, ‘जोरात, भराभर’. बीटा रिसेप्टर ते ऐकतो आणि ठोके वाढतात. बीटा-ब्लॉकर या कानात बोळा घालतो. बोलणारा बोलतच असतो, पण ऐकू जात नाही. आता या कानांची संख्या कायमची ठरलेली नसते. पेशी सतत नवे रिसेप्टर बनवून पृष्ठभागावर पाठवते आणि जुने आत ओढून मोडीत काढते. सतत निरोप आदळत असलेला रिसेप्टर लवकर आत ओढला जातो. निरोप पोहोचतच नसेल तर तो पृष्ठभागावर जास्त काळ टिकतो. महिनोन्‌महिने बोळे घातलेल्या पेशीवर म्हणून कानांची गर्दी होते. बोळे आहेत तोवर या गर्दीनं काही बिघडत नाही. बोळे एकदम काढले, की जे बोलणं पूर्वी साधं वाटायचं ते आरडाओरड्यासारखं ऐकू येतं.

हे निव्वळ अनुमान नाही, मोजून पाहिलेलं आहे. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काढून रिसेप्टर मोजणं शक्य नव्हतं. पण रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरही बीटा रिसेप्टर असतात आणि रक्त तर सहज काढता येतं. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही माणसांना आठ दिवस रोज १६० मिलिग्रॅम प्रोप्रॅनोलॉल दिलं गेलं. लिम्फोसाइटवरच्या रिसेप्टरची घनता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. मग औषध एकदम थांबवलं. शेवटच्या डोसनंतर चोवीस तासांनी रक्तात प्रोप्रॅनोलॉल सापडेनासं झालं, पण वाढलेले रिसेप्टर पुढे कित्येक दिवस तसेच राहिले. त्या दिवसांत माणूस आडवा असताना आणि उभा राहिल्यावर नाडीत पडणारा फरकही मोठा झाला होता. उभं राहताना शरीर थोडं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडतंच. नेहमीच्याच निरोपाला हृदय आता जास्त उत्तर देत होतं.

या अभ्यासाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. लिम्फोसाइटवरचे रिसेप्टर बीटा-२ प्रकारचे असतात, हृदयात मुख्यतः बीटा-१. त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं थोडं धाडसाचं होतं. पुढे बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी निघणाऱ्या अलिंदाच्या बारीक तुकड्यांवर मोजणी झाली. बीटा-ब्लॉकर घेत असलेल्या रुग्णांच्या तुकड्यांत बीटा-१ रिसेप्टर जास्त आढळले. त्याआधीच दुसऱ्या एका बाजूनं पुरावा मिळाला होता. प्रोप्रॅनोलॉल थांबवल्यावर माणसांना आयसोप्रोटेरेनॉल हे बीटा रिसेप्टर चेतवणारं औषध अगदी थोडं थोडं देऊन पाहिलं, तर साधारण दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत हृदय त्याला नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देत होतं.

सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. औषध जायला एक दिवस लागतो, शरीरानं औषधाशी जुळवून घेण्यासाठी केलेला बदल जायला जवळजवळ आठवडा. मधले दिवस हे असे, की बोळा नाही आणि कान मात्र वाढलेले. डोंबिवलीच्या गृहस्थांचं वेळापत्रक यावर ठेवून पाहा. मेटोप्रोलॉलची रक्तातली मात्रा साधारण तीन ते सात तासांत निम्मी होते. निघण्याच्या सकाळी घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळपास संपली. तो दिवस आरास करण्यात बरा गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिसेप्टर वाढलेलेच, औषध शून्य. त्यात जागरण, पाहुणे, उन्हातली चढण, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही नेहमीपेक्षा जास्त.

ठोके वाढले तर छाती का दुखावी? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मुख्यतः हृदय सैल पडतं त्या क्षणात भरतात. ठोके वाढले की हा सैल पडण्याचा काळ सर्वांत आधी कमी होतो. म्हणजे स्नायूची मागणी वाढते त्याच वेळी पुरवठ्याची सवड घटते. निरोगी धमन्या रुंदावून ते सांभाळून घेतात. मध्यम अडथळा असलेली धमनी ते करू शकत नाही. दोन वर्षं साठच्या आसपास ठोके ठेवून जो अडथळा मुका ठेवला होता, तो नव्वदच्या पुढे बोलू लागतो.

ज्यांच्या धमन्या चांगल्या आहेत, त्यांना अशा वेळी धडधड, हाताला कंप, घाम, बेचैनी एवढ्यावर निभावतं. अर्धशिशीसाठी किंवा हाताच्या कंपासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या तरुण माणसाचं बहुधा असंच होतं. अडचण अशी, की पन्नाशीच्या पुढे, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाच्या धमन्या चांगल्या आहेत की नाही हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून केवळ रक्तदाबासाठी ही गोळी घेणाऱ्यांनीही ती एकदम सोडू नये, असं माहितीपत्रकं सांगतात.

रिसेप्टरच्या या खुलाशाला बळ देणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिंडोलॉल नावाचा बीटा-ब्लॉकर थोडा वेगळा आहे. तो नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला अडवतो, पण स्वतः रिसेप्टरला थोडंसं चेतवतोही. पेशीला अगदी शांतता कधी मिळतच नाही. मग रिसेप्टर वाढायचं कारण उरत नाही. मोजल्यावर दिसलं, की पिंडोलॉल घेणाऱ्यांत त्यांची घनता वाढण्याऐवजी कमी झाली होती, आणि ते बंद केल्यावर तशी उसळीही दिसली नाही. खुलासा चुकीचा असता तर दोन्ही औषधं सारखीच वागली असती.

गोळी कमी करत नेण्याची पद्धतही याच खुलाशातून येते. एका प्रयोगात प्रोप्रॅनोलॉल पूर्ण बंद करण्याआधी दोन आठवडे दिवसाला फक्त ३० मिलिग्रॅम इतका लहान डोस चालू ठेवला, तर औषध थांबल्यानंतरची अतिसंवेदना दिसली नाही. इतक्या थोड्या औषधात काही निरोप पेशीपर्यंत पोहोचू लागतात, ती वाढलेले रिसेप्टर आत ओढू लागते, आणि ते घडत असताना हृदय अगदी उघडंही पडत नाही. मेटोप्रोलॉलच्या अमेरिकी माहितीपत्रकात एक ते दोन आठवडे दिले आहेत, प्रोप्रॅनोलॉलसाठी काही आठवडे. प्रत्यक्षात डॉक्टर डोस निम्मा करतात, काही दिवस नाडी आणि लक्षणं बघतात, पुन्हा निम्मा करतात. या काळात दगदग टाळायची. लग्नघर, स्थलांतर, गडाची चढाई हे सगळं त्यानंतर. कमी करताना छातीत आवळ आली किंवा विसावलेली नाडी नेहमीपेक्षा बरीच चढी राहिली, तर मागच्या डोसवर परत जायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. छातीतली आवळ बसल्या जागी येत असेल, तर फोनवर विचारत बसण्याऐवजी थेट दवाखाना गाठायचा.

एखादी गोळी विसरली तर एवढं सगळं होत नाही. आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. गडबड होते ती सलग दिवस चुकल्यावर. ऑपरेशनच्या सकाळी मात्र हमखास घोटाळा होतो. ‘पोटात काही नको’ असं सांगितलेलं असतं म्हणून रुग्ण गोळीही घेत नाही. नंतर एक-दोन दिवस तोंडानं काही चालत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या ताणानं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन उसळलेलं असताना नेमके हे दिवस येतात. आधीपासून चालू असलेला बीटा-ब्लॉकर घोटभर पाण्याबरोबर घेऊ द्यावा, अशीच सर्वसाधारण पद्धत आहे. भूलतज्ज्ञांना ते आदल्या दिवशी आठवणीनं विचारावं.

आता क्लोनिडिन. त्याची कथा उलट्या दिशेनं जाते, म्हणून ती सांगायला हवी.

जर्मनीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे रसायन चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी बनवलं गेलं होतं. सर्दी झालेल्या एका महिला कर्मचाऱ्याच्या नाकात ते थेंब घातले, तर त्या जवळजवळ दिवसभर झोपून राहिल्या. नाडी मंद, रक्तदाब खाली. त्यातून ते रक्तदाबाचं औषध झालं. मेंदूच्या देठात अल्फा-२ नावाचे रिसेप्टर आहेत. त्यांचं काम नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा प्रवाह आवरण्याचं. क्लोनिडिन त्यांना चेतवतं, म्हणजे ‘आवरा’ हा निरोप सतत, मोठ्यानं देत राहतं. आणि कानाशी सतत मोठ्यानं बोलत राहिलं तर कान बधिर होतात. अल्फा-२ रिसेप्टर हळूहळू कमी प्रतिसाद देऊ लागतात. एरवी शरीराच्या स्वतःच्या हलक्या ‘आवरा’नं भागत होतं, आता तेवढ्यानं भागत नाही. क्लोनिडिन एकदम काढलं, की मोठा आवाज गेला आणि हलका ऐकू येत नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा प्रवाह मोकाट सुटतो. अशा रुग्णांच्या रक्तात आणि लघवीत ही द्रव्यं वाढलेली मोजता येतात.

क्लोनिडिनची मात्रा बारा ते सोळा तासांत निम्मी होते, पण त्याची उसळी बीटा-ब्लॉकरपेक्षा लवकर आणि जास्त उघडपणे येते. बहुधा शेवटच्या गोळीनंतर अठरा तासांपासून तीन दिवसांत डोकं दुखतं, घाम फुटतो, हात थरथरतात, मळमळतं, झोप उडते, आणि रक्तदाब औषधाआधीच्या पातळीलाही मागे टाकतो. मोठ्या डोसवर असलेल्यांना धोका अधिक. आजकाल साध्या रक्तदाबाला हे औषध फारसं पहिल्यांदा दिलं जात नाही. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांचा रक्तदाब तीन-चार औषधांनीही हटत नाही, तेव्हा आपल्याकडे क्लोनिडिनच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा चालू असलेले रुग्ण पुष्कळ सापडतात. या माणसांना उलट्या सुरू झाल्या की गोळ्या पोटात टिकत नाहीत. त्यांनी गोळी सोडलेली नसते, पण शरीराच्या लेखी ती सुटलेलीच असते. दुसऱ्या रात्री रक्तदाब २३०/१३० घेऊन ते कॅज्युअल्टीत येतात. तिथल्या डॉक्टरांनी ‘कोणती गोळी चुकली?’ हा प्रश्न विचारला, तर निदान तिथेच होतं. मुख्य उपाय म्हणजे तेच औषध पुन्हा सुरू करणं, आणि फार चढलेला रक्तदाब शिरेतून दिलेल्या औषधांनी देखरेखीखाली उतरवणं.

याच रुग्णाला बीटा-ब्लॉकरही चालू असेल, तर गाठ आणखी घट्ट बसते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन यांचा लोंढा रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर पडून त्या आवळल्या जातात. रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा-२ रिसेप्टर काही प्रमाणात त्याचा तोल सांभाळतात. बीटा-ब्लॉकरनं तेही अडवलेले असले, तर आवळणं एकतर्फी होतं आणि रक्तदाब आणखी चढतो. त्यामुळे धडधड थांबावी म्हणून अशा वेळी नुसता बीटा-ब्लॉकर वाढवणं हे साहजिक वाटलं तरी चुकीचं पाऊल आहे. दोन्ही औषधं बंद करायची असतील तर क्रम ठरलेला आहे. आधी बीटा-ब्लॉकर हळूहळू कमी करून थांबवायचा, मग काही दिवस जाऊ द्यायचे, आणि त्यानंतर क्लोनिडिन पायरीपायरीनं कमी करायचं. माहितीपत्रकात त्यासाठी दोन ते चार दिवस दिलेले असले, तरी मोठा डोस बराच काळ चाललेला असेल तर अनेक डॉक्टर त्याहून जास्त वेळ घेतात.

फिट्सच्या औषधांकडे वळताना सुरुवातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि इथे तो जास्त अवघड आहे. औषध बंद केल्यावर फिट आली, तर ती मूळ आजाराची की औषध काढल्याची?

काही औषधांच्या बाबतीत याचं उत्तर पक्कं मिळालं आहे. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात १९५० साली पाच माणसांना काही महिने बार्बिट्युरेट गटातली औषधं मोठ्या मात्रेत देऊन ती एकदम थांबवण्यात आली. ते अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले कैदी होते. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग होऊ देणार नाही, आणि तो वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. त्या माणसांना अपस्माराचा आजार नव्हता. तरी त्यांतल्या बहुतेकांना झटके आले. परत यायला मूळ आजार नव्हताच, म्हणजे झटके औषध काढण्यानंच आले.

बार्बिट्युरेट, तसंच क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांसारखी बेन्झोडायझेपाइन गटातली औषधं गाबा या द्रव्याच्या रिसेप्टरवर काम करतात. गाबाचा निरोप आहे ‘शांत राहा’. ही औषधं तो निरोप मोठा करून ऐकवतात. क्लोनिडिनच्या बाबतीत जे मेंदूच्या देठात होतं, तेच इथे मेंदूभर होतं. प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या अभ्यासांत दिसतं, की दीर्घकाळ औषध चालल्यावर काही रिसेप्टर आत ओढले जातात, काहींचे घटक बदलून ते औषधाला कमी जुमानतात, आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटची बाजू वरचढ होते. औषध एकदम गेलं की शांत करणारा निरोप दुबळा, चेतवणारा प्रबळ. अस्वस्थता, निद्रानाश, थरथर, आणि मग फिट.

गार्डिनल या नावानं आपल्याकडे घराघरांत माहीत असलेलं फेनोबार्बिटोन यात थोडं निराळं आहे. प्रौढ माणसात त्याची मात्रा निम्मी व्हायला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे गोळी थांबली तरी औषध दोन-तीन आठवडे रेंगाळत राहतं. रिसेप्टरना सावरायला त्यामुळे थोडा वेळ मिळतो, पण तो पुरेलच असं नाही. शिवाय फिट गोळी थांबवल्यानंतर आठवड्यानंही येऊ शकते, तेव्हा दोन्हींचा संबंध जोडणं घरच्यांना आणखी कठीण जातं. या दोन गटांतली औषधं म्हणून महिन्यांच्या हिशेबानं कमी करतात.

कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन यांचं मुख्य काम चेतापेशींच्या सोडियम वाहिन्यांवर आहे. त्यांच्या बाबतीत रिसेप्टर बदलल्याचा पुरावा इतका भक्कम नाही. तिथे झाकलेला आजार उघडा पडण्याचा वाटा मोठा असावा. तरी ती एकदम थांबवण्याचा धोका कमी नाही. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर तो तातडीचा प्रसंग असतो, आणि अपस्माराच्या रुग्णांत याच्या नेहमीच्या कारणांत गोळ्या चुकणं हे वरच्या क्रमांकावर आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. कार्बामाझेपिननं अंगावर पुरळ उठून ताप आला आणि तोंड आलं, तर ते औषध त्याच दिवशी थांबवावं लागतं, कारण ती प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णालयात दुसरं औषध लगेच सुरू करून मधली पोकळी भरतात.

हळूहळू कमी केल्यानं उसळी टळते, मूळ आजार मात्र त्यानं बरा होत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. किमान दोन वर्षं एकही फिट न आलेले १,०१३ रुग्ण त्यात होते. निम्म्यांचं औषध हळूहळू कमी करत नेलं, बाकीच्यांचं चालू ठेवलं. पुढच्या दोन वर्षांत औषध चालू असलेल्यांपैकी ७८ टक्के फिटशिवाय राहिले, कमी केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे सावकाश सोडूनही दहातल्या चौघांना पुन्हा फिट आली, आणि औषध चालू असूनही दहातल्या दोघांना आलीच. मुलाच्या लग्नाआधी ‘आता बंद करून टाका’ म्हणणाऱ्या आईबापांपुढे डॉक्टर हेच आकडे ठेवतात आणि मग विचारतात: फिट्स कोणत्या प्रकारच्या होत्या, आधी थांबवून पाहिलं तेव्हा काय झालं, ईईजी काय म्हणतो, मुलगा मोटरसायकल चालवतो का, विहिरीवर किंवा मशीनवर एकटा काम करतो का. ठरलंच, तर एका वेळी एकच औषध कमी करतात. ते पूर्ण थांबून काही काळ जाईपर्यंत गाडी चालवणं बंद, पोहणं बंद, आणि अंघोळ करताना दाराला आतून कडी नाही.